कलम ४.२(इ)चं इंग्रजी

धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी एकदा बोलून गेलो की माझं काम भाषांतराचं आहे. मला कोणी विचारलेलं नव्हतं. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी मोबाइल ॲपमधली वाक्यं मराठीत आणतो. 'पुढे जा', 'रद्द करा', 'पुन्हा प्रयत्न करा', अशी. एवढ्या भांडवलावर मी त्या दिवशी भाषेच्या बारकाव्यांबद्दल बराच वेळ बोललो. घरी येताना बायको म्हणाली, "पाण्याच्या टाकीचा विषय राहिला की."

त्या भाषणाचा परिणाम काही महिन्यांनी, एका रविवारी सकाळी दारात येऊन उभा राहिला. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू होत्या. मूळच्या भंडाऱ्याच्या, पाटबंधारे खात्यातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. हातात फाइल.

"तुम्ही इंग्रजीत भाषांतर करता ना?"

मी इंग्रजीतून मराठीत करतो, उलट नाही. हे सांगायची ती योग्य वेळ होती. मी म्हणालो, "या ना काकू, बसा."

गोष्ट अशी होती. काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. हॉस्पिटलचं बिल त्यांनी स्वतः भरलं, मग विमा कंपनीकडे दावा लावला, आणि कंपनीनं तो नाकारला. पत्रातलं कारण दोन ओळींचं होतं: हर्निया हा ठरावीक आजारांच्या यादीत आहे, त्यासाठी पॉलिसीची पहिली दोन वर्षं सलग पूर्ण व्हावी लागतात, तुमची झालेली नाहीत, म्हणून कलम 4.2(a) प्रमाणे दावा देय नाही.

"पण आमचा विमा जुना आहे," काकू म्हणाल्या. "फक्त मागच्या वर्षी कंपनी बदलली. पोर्ट केली. एकदाही खंड पडू दिला नाही. अशा वेळी जुन्या कंपनीकडची वर्षं नव्या कंपनीनं धरायची असतात, त्यांच्याच पॉलिसीत तसं पोटकलम आहे. यांनी स्वतःकडच्या तारखेपासून मोजायला सुरुवात केली."

कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला अपील करायचं, तिथे नाही जमलं तर विमा लोकपालांकडे जायचं, पण आधी कंपनीकडे लेखी मागावं लागतं, हे सगळं त्यांनी शोधून ठेवलं होतं. अपीलही लिहून झालं होतं, मराठीत, टाचणी लावून. कक्ष दुसऱ्या राज्यात, म्हणून इंग्रजी हवं.

"तुम्हाला इंग्रजी येतं की," मी म्हणालो.

"वाचता येतं. लिहायला बसले की मी विनंती करायला लागते. मराठीत मुद्दा राहतो." मग फाइल माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "भाषा तुमची चालेल. कलमं मात्र जशीच्या तशी ठेवा."

सोमवारी ऑफिसच्या बसमध्ये मी ते पत्र उघडलं. बस वाकडला अडकली होती, म्हणजे वेळ भरपूर होता. पत्र वाचून मला काकूंची कीव आली. इतकं कोरडं पत्र. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून सुरुवात, मग मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला कलम. 'सलग संरक्षण' हा शब्दप्रयोग पानावर पाच-सहा वेळा. काकांच्या वेदनेबद्दल एक अक्षर नाही. अशा पत्रानं कोणाचं मन द्रवणार?

मी मन द्रवेल असं लिहायला बसलो. पहिल्याच परिच्छेदात काकांना ज्येष्ठ नागरिक केलं, दुसऱ्यात असहाय. प्रत्यक्षात काका तेव्हा रोज सकाळी कालव्याच्या रस्त्यानं फिरायला जाऊन येताना भाजी आणत होते. 'सलग संरक्षण'चं इंग्रजी मी एकदा 'अखंड' या अर्थाचं केलं, एकदा 'अव्याहत', एकदा चक्क 'न तुटलेली सोबत', कारण एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरणं हे गरीब शैलीचं लक्षण, असं मी नवीन मुलांना ऑफिसात शिकवत असे. एक वाक्य तर मी काढूनच टाकलं. काकूंनी लिहिलं होतं की पोर्ट करताना विम्याची रक्कम वाढवली होती, त्या वाढीव रकमेला कलम ४.२(ब) प्रमाणे प्रतीक्षा नव्यानं लागू आहे हे आम्हाला मान्य आहे, पण हे बिल जुन्या रकमेच्या आतच बसतं. मला वाटलं, आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट आपणच कशाला सांगायची? बिचाऱ्या काकू, सरकारी नोकरीतला प्रामाणिकपणा.

कलमं मात्र मी बदलली नाहीत. म्हणजे असं मला वाटत होतं. देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे केले, अक्षरांची इंग्रजी अक्षरं केली. ४.२(अ)चं 4.2(a). ४.२(इ)चं 4.2(i). इ म्हणजे आय, यात विचार करण्यासारखं काय होतं?

संध्याकाळी काकूंना पत्र वाचून दाखवलं. आवाजात चढउतार ठेवून वाचलं. काका आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. असहाय हा शब्द आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

काकू म्हणाल्या, "लांब झालंय. कलमं तपासली ना?"

"काकू, हे माझं रोजचं काम आहे."

त्यांच्या ईमेलवरून पत्र गेलं. मला वाटत होतं, तो अधिकारी दोनदा वाचेल.

बहुतेक त्यानं दोनदाच वाचलं असावं, कारण उत्तर फार बारकाईनं लिहिलेलं होतं. काकूंनी ते माझ्या हातात दिलं आणि त्या समोर बसून राहिल्या. इंग्रजी सभ्य होतं. त्याचा सारांश असा: आपल्या भावना आम्ही समजू शकतो. आपण उल्लेखलेलं 4.2(i) हे पोटकलम पॉलिसीत नाही. आपल्याला 4.2(f) खालच्या आजारांच्या यादीतली नोंद (i) अभिप्रेत असल्यास, ती मोतीबिंदूबद्दल आहे. आपला दावा हर्नियाचा आहे. सबब, आधीचा निर्णय कायम.

मी पॉलिसीची पुस्तिका मागून घेतली. कलम 4.2 उघडलं. a, b, c, d, e, f. पोर्टेबिलिटीचं पोटकलम होतं e. काकूंनी आयुष्यभर सरकारी टिप्पणीत लिहिलं तसं लिहिलं होतं: अ, ब, क, ड, इ. पाचवं अक्षर. मी त्याचा उच्चार इंग्रजीत लिहून ठेवला होता.

काका वर्तमानपत्राआडून म्हणाले, "डोळ्यांचंही करून घ्यावं का आता? त्याला पोटकलम तयार आहे."

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुन्हा प्रयत्न करा." माझंच वाक्य, माझ्याच ॲपमधलं. तिला स्वल्पविराम नको, पूर्णविराम नको, नेमकं कुठं मारायचं ते कळतं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेऊन काकूंकडे गेलो. अपराध्यासारखा चेहरा करून गेलो होतो, पण त्यांना माझ्या चेहऱ्यात रस नव्हता. जेवणाच्या टेबलावर पॉलिसी, नकाराची दोन्ही पत्रं, जुन्या कंपनीच्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसी आणि डिस्चार्ज कार्ड मांडून ठेवलं होतं. भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती होती, तिच्याइतकाच शांत चेहरा काकूंचा.

"चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "मूळ इंग्रजी असताना मी इ कशाला लिहिलं? ऑफिसची सवय. आता असं करू. मी सांगते, तुम्ही टाइप करा. पॉलिसीतलं वाक्य असेल तिथे पुस्तिकेतून उतरवायचं, अवतरणचिन्हात. आपले शब्द कमीत कमी."

"म्हणजे भाषांतर नाहीच?"

"कलमाचं भाषांतर कशाला करायचं? ते त्यांच्याच भाषेत आहे. मी मराठीत आणलं, तुम्ही पुन्हा इंग्रजीत नेलं. दोन्ही वेळा थोडं सांडलं."

आम्ही बसलो. काकू पुस्तिकेवर बोट ठेवून वाचत, मी टाइप करी, मग मी वाचून दाखवी आणि त्या बोटानं पुन्हा जुळवून पाहत. 'कंटिन्युअस कव्हरेज' हे शब्द आले तसे राहिले, जितक्या वेळा आले तितक्या वेळा. एके ठिकाणी माझी बोटं आपोआप 'अनब्रोकन' टाइप करून गेली. काकूंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी खोडलं.

मग त्या म्हणाल्या, "आता वाढीव रकमेचा मुद्दा."

"ते मी गेल्या वेळी काढलं होतं," मी म्हणालो.

"काढलं होतं?"

"आपल्या विरुद्ध जाईल असं वाटलं."

ऐकताना काकूंच्या हे लक्षात आलं नव्हतं. माझ्या चढउतारात ते वाहून गेलं असावं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आपण नाही लिहिलं तरी पॉलिसीत ते आहेच. त्यांनी ते दाखवून दिलं की आपण लपवलं असं होतं. आपण आधी सांगितलं, की त्यांना तिथे बोलायला जागा राहत नाही."

4.2(b)चं वाक्यही अवतरणात बसलं. त्याखाली एकच ओळ: दावा मूळ विमा रकमेच्या मर्यादेत आहे. असहाय गेलं, वेदना गेल्या. शेवटी जोडपत्रांची यादी, आणि त्यात नव्या पॉलिसीच्या पहिल्या पानाची प्रत. त्यावर कंपनीनं स्वतःच 'पहिल्या नोंदणीची तारीख' म्हणून जुन्या कंपनीतली तारीख छापलेली होती. इतके दिवस हे पान फाइलमध्ये सगळ्यात वर होतं आणि मी त्याच्याकडे शोभेचं पान म्हणून पाहत आलो होतो.

पत्र दीड पानाचं झालं. काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "यात मी कुठेच नाही. बरं वाटलं."

पत्र गेल्यावर काही दिवसांनी काकूंना विमा कंपनीतून फोन आला. मी नेमका तिथेच होतो. म्हणजे रोज काही ना काही निमित्तानं तिथेच असे. पलीकडची बाई हिंदीत बोलत होती. काकूंनी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, आप फोर पॉइंट टू, ई बोल रही हैं, आय नहीं?"

"ई. ई फॉर एलिफंट," काकू म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

"और सम इन्शुअर्ड बढ़ाया था, वो…"

"वो बी में है. हमने लिखा है. दूसरा पॅरेग्राफ."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग "ओके मॅडम," आणि फोन ठेवला गेला. एवढंच. मी आणखी काहीतरी घडेल म्हणून टेबलाशी बसून राहिलो. काकू उठून चहा टाकायला गेल्या.

दावा मंजूर झाला. हातमोजे, नोंदणी शुल्क असल्या किरकोळ बाबी वगळल्या होत्या. त्या पॉलिसीप्रमाणे वगळायच्याच होत्या, आणि काकूंनी त्यावर वाद घातला नाही. मला मात्र हातमोज्यांसाठी लोकपालांकडे जावंसं फार वाटत होतं. तसं मी बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "तुम्ही मसुदा कराल म्हणून भीती वाटते."

यानंतर माझं भाषांतराचं नाव बुडालं असेल असं मी धरून चाललो होतो. पण महिनाभरानं पलीकडच्या इमारतीतले एक गृहस्थ दावा नाकारल्याचं पत्र घेऊन आले. त्यांना काकूंनीच पाठवलं होतं.

"त्या म्हणाल्या, तुमचं टायपिंग चांगलं आहे," ते म्हणाले. मग जरा अवघडून पुढचं सांगितलं. "आणि म्हणाल्या, झालं की पाठवायच्या आधी मला दाखवा."

मी त्यांना बसायला सांगितलं आणि सगळ्यात आधी त्यांची पॉलिसी मागितली.