कुटार आणि लेकीचं घर

नेरला लेकीकडे पंधरा दिवस राहिलो की माझा खोकला जायचा. घाटंजीजवळच्या माझ्या गावी परतलो की दोन दिवसांत पुन्हा धाप, आणि दुपारी थंडी वाजून ताप. दिवाळीपासून असं तीनदा झालं. गावानं निदान केव्हाच करून टाकलं होतं: बायको गेली, मास्तर एकटा पडला, आतून खचला. लेकही तेच म्हणायची, आणि खरं सांगायचं तर ते ऐकायला मला बरं वाटायचं. जन्मभर पोरांना ‘रडता काय’ म्हणून दटावलेलं. आता कोणत्या तोंडानं करमत नाही म्हणणार? तिसऱ्या खेपेला जावयांनी मागची खोली झाडून घेतली. लेक म्हणाली, डॉक्टरनंही एकटं राहू नका म्हटलं की कायमचे इकडेच या.

थुंकी दोनदा तपासून झाली होती, टीबी निघाला नव्हता. दम्याचा पंप ओढून ओढून कंटाळलो होतो. शेवटी लेकीनं मला यवतमाळला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत धुरकट डाग होते. लेक खाली औषधांच्या रांगेत गेली आणि बाईंनी जनगणनेला आल्यासारखे प्रश्न सुरू केले. घरावर पारवे बसतात का, कोंबड्या आहेत का, पिसांची उशी आहे का, भिंतींना ओल आहे का, कूलरच्या गवती ताट्या कधी बदलल्या, सकाळी उठल्यापासून काय काय करता.

पारवे नाहीत म्हणालो, ते खरं होतं. कूलर उन्हाळ्यापासून बंद. सकाळचं विचारलं तेव्हा चहा, पेपर, अंघोळ एवढंच सांगितलं.

गाय सांगितली नाही. कुटाराची कोठीही नाही. यंदा सोयाबीन काढणीत पाऊस आला आणि भिजलेला भुसा, म्हणजे आमचं कुटार, तसंच कोठीत भरलं गेलं. आत हात घातला की गरम लागायचं, कुबट वास यायचा, आणि गाईसाठी टोपलं भरताना पांढरी धूळ पिठासारखी उडायची. रोज सकाळी आठला हे काम; मी नेरला असलो की शेजारी करायचा. पण कोठीत कधी साधा ठसका लागला नाही. थंडी वाजायची दुपारी दोनला. त्यामुळे एकाचा दुसऱ्याशी संबंध असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. ते आलं बाईंचे प्रश्न ऐकताना, त्या खुर्चीत बसल्या बसल्या. आलं आणि मी गिळलं. आजार कुटाराचा ठरला तर एकटेपणाचा ठरणार नाही, आणि मागची खोली हातची जाईल, एवढंच मला दिसत होतं. याची मला अजून लाज वाटते.

बाई म्हणाल्या, “काका, श्वासातून काहीतरी आत जातंय. कबुतरांची घाण असेल, बुरशी असेल, शेतातली धूळ असेल. स्कॅन त्याचं नाव सांगत नाही, ते तुम्हीच सांगू शकता. लेकीकडे बरं वाटतं, म्हणजे ते तुमच्या घरी आहे. आत्ता थांबवलं तर भरून येईल. असंच चालू राहिलं तर फुफ्फुस राठ होईल, मग लेकीकडे राहूनही धाप जाणार नाही.”

मागच्या खोलीत मी ऑक्सिजनच्या नळीला बांधलेला आणि लेक माझं अंथरूण सावरतेय, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी घाबरलो. मग सगळं सांगितलं, वेळांसकट. बाईंनी आठ आणि दोन हे आकडे लिहून घेतले. रक्ताची एक तपासणी सांगितली, पण एकट्या तिच्यावर भरवसा नाही म्हणाल्या. काही आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. खरं औषध मात्र त्या कोठीपासून लांब राहणं. तोंडाला दुपट्टा बांधून चालेल का विचारलं, तर नाही म्हणाल्या.

लेक वर आली तेव्हा बाईंनी तिलाही समजावलं. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली की हे एकटं राहून झालेलं नाही. मग खुर्चीत टेकली.

“बरं झालं बाबा,” ती म्हणाली. “मले वाटे, माह्याच्यानंच तुमचे हाल होऊन राह्यले.”

इतके महिने पोरीनं हे मनात ठेवलं होतं, आणि मी त्यावर खोली मिळवायला निघालो होतो.

गाय शेजाऱ्याला दिली. कोठी त्यानंच उपसली, तोवर मी नेरला होतो. मग माझा मीच घरी आलो. दोन महिन्यांत शेतापर्यंत न थांबता चालू लागलो. लेक रोज फोन करून ताप विचारायची. तापच नाही म्हटल्यावर आठवड्यातून एकदा करू लागली. सकाळी आठ वाजता आता काही काम नसतं.

परवा मीच फोन लावला. ताप आला का, तिनं घाबरून विचारलं. नाही म्हणालो. खोकला? तोही नाही.

“मंग कायले केला फोन?”

“करमत नाही मले,” मी म्हणालो.

ती म्हणाली, पोरांच्या परीक्षा होऊ द्या, मग मागच्या खोलीचं पाहू.