इस्त्री केलेली तिकिटं

वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत इंटर्न म्हणून लागल्यापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. दुकानं, गोदामं, कारखाने, जिथे काटा तिथे ती. वजनांची पेटी घेऊन जायचं, काटा खरं बोलतो का ते तपासायचं, अहवालावर ग्राहकाचा सही-शिक्का घ्यायचा आणि बस पकडून परत यायचं. स्टायपेंड वेळेवर मिळायचा, तो घरभाड्यात जायचा. प्रवासखर्च मात्र आधी पदरचा करायचा आणि महिनाअखेरीला तिकिटं जोडून मागायचा, असं करारातच लिहिलं होतं.

आता तिच्या बाबांविषयी. घराला लागूनच बाबांचं इस्त्रीचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक इस्त्री आणि वर छप्पर. पण माणूस असा नीटनेटका की रुमालाची घडीसुद्धा मोजून घालणार! लेकीच्या पर्समधली चुरगळलेली तिकिटं पाहून त्यांच्या जिवाची तगमग झाली. ती आंघोळीला गेली तेवढ्यात त्यांनी महिन्याभराची सगळी तिकिटं एका ओळीत मांडली, वर पातळ फडकं घातलं आणि इस्त्री फिरवली. फडकं उचललं तर तिकिटं कुळकुळीत काळी. उष्णतेनेच छापला जाणारा तो कागद, त्याला बिचाऱ्याला काय कळणार कुठली उष्णता छपाईची आणि कुठली मायेची!

ती बाहेर आली तशा बाबांनी त्या काळ्या पट्ट्या तिच्यापुढे धरल्या. "पोरी, तुझे पैसे जाळले गं मी."

"छे हो बाबा, ऑफिसात अशीही चालतात," ती म्हणाली. इतकं सफाईदार खोटं ती उभ्या जन्मात बोलली नव्हती.

काळी तिकिटं तिने अर्जाला जोडून मुकाट्याने देऊन टाकली. पुढच्या महिन्यात स्टायपेंड आला, त्या तिकिटांचा प्रवासखर्च आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. विचारावं तर तिकिटांचा विषय निघणार, न विचारावं तर बसला पैसे नाहीत. बस नाही तर भेटी नाहीत, आणि भेटी अर्धवट राहिल्या तर इंटर्नशिपचं प्रमाणपत्र विसरा. त्यात बाबा रोज जेवताना विचारायचे, "आले का गं पैसे?" आणि ती "येतील" म्हणाली की मान खाली घालून जेवायचे. ती खाली गेलेली मान तिला बघवेना.

शेवटी ती मेल लिहायला बसली. पहिला मसुदा इतका नम्र झाला की त्यात साहेबांच्या तब्येतीची चौकशी होती, पैशांचा पत्ता नव्हता. दुसरा वाचून वाटलं, आता थेट कोर्टातच भेटू. तिसरा जमला. कोणत्या महिन्याचा खर्च, कुठल्या भेटी, एकूण रक्कम, अर्ज कधी दिला, सगळं सरळ लिहिलं. शेवटी लिहिलं, "माझ्या हातून तिकिटं खराब झाली आहेत. त्याऐवजी काही देता येईल का, कृपया कळवावे." मेल साहेबांना, प्रत अकाउंट्सच्या मॅडमना.

तासाभरात साहेब स्वतः टेबलापाशी आले. ओशाळले होते. "अगं, मॅडमनी तिकिटांबद्दल मला विचारलं होतं. मेल माझ्याकडेच पडून राहिला. तू आधी का नाही बोललीस? जा, भेट त्यांना."

मॅडमनी खुर्ची पुढे केली. "तिकिटं नसली तर भेटींचे सही-शिक्क्याचे अहवाल जोडा, खर्च खरा असल्याचं लिहून द्या, त्यावर साहेबांची मंजुरी घ्या. या पगाराबरोबर निघतील पैसे. आणि यापुढे तिकीट हातात आलं की लगेच फोटो काढायचा." मग पाकिटातून एक काळी पट्टी काढून त्यांनी उजेडात धरली. "पण हे झालं कसं? एकाही कडेला सुरकुती नाही!"

ती क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, "मॅडम, मेलमध्ये मी 'माझ्या हातून खराब झाली' असं लिहिलंय. खरं तर माझ्या बाबांनी इस्त्री केली. त्यांचं इस्त्रीचं दुकान आहे."

मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "सांगा त्यांना, इतकी नीट लावलेली तिकिटं या टेबलावर आजवर आली नाहीत. माझ्याकडे तर लोक चहा सांडलेली बिलं देतात!"

पगाराच्या दिवशी फोन वाजला. पैसे जमा झाले होते, सगळे. साहेबांना आणि मॅडमना तिने आभाराचा मेल केला, त्याला मात्र मसुदा लागला नाही. कंपनीबद्दल, मॅडमच्या त्या पुढे केलेल्या खुर्चीबद्दल तिचं मन भरून आलं होतं. संध्याकाळी ती थेट दुकानावर गेली.

"चालली तिकिटं?" बाबांनी विचारलं.

"चालली. मॅडमनी तुमचं कौतुक केलं."

बाबांनी इस्त्री बाजूला उभी ठेवली. "म्हणजे तू सांगितलंस त्यांना? मी कोण, काय करतो ते?"

"हो."

"ऑफिसातल्या लोकांसमोर लाज नाही वाटली?"

"नाही, बाबा."

त्यांनी मान वर केली, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "दे तो दुपट्टा इकडे. पार चुरगळलाय."