कानशिलापाशी दोन बटा

आमच्या नाटक कंपनीच्या नायकाने तरण्या भूमिका आपणहून सोडल्या, असं अजून सांगतात. ते खरं नाही. कंपनीचे पडदे आणि जाहिरातीचे बोर्ड मीच रंगवत असे, म्हणून हे मला ठाऊक आहे.

एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. मुक्काम मुरुडला होता. नव्या नाटकात नायक शेवटच्या अंकात बाप होतो. मालकांना ते बोर्डावर दिसायला हवं होतं. त्यांनी मला नायकाच्या जुन्याच चित्रात पांढरे केस घालायला सांगितले. नायकाला आम्ही दादा म्हणत असू. ते मागे येऊन उभे राहिले.

"पेंटर, कानशिलापाशी दोन बटा. जास्त नाही हं. लोकांनी एकदा म्हातारा पाहिला की परत तरणा बघत नाहीत."

"दोनच, दादा."

आमचा रंग सरसाच्या पातळ गोंदात कालवलेला. ओला असताना तो गडद दिसतो, सुकला की बराच पांढरा पडतो. म्हणून राखाडी रंगाचा एक फटकारा आधी चिंधीवर मारून चुलीपाशी सुकवायचा आणि मगच चित्राला हात लावायचा, ही आमची रीत. त्या दिवशी समुद्रावरची दमट हवा होती, चिंधी काही सुकेना. दुसऱ्या दिवशी बाजार, आणि मालकांची घाई. मी अंदाजाने रंगवलं. ओल्या बटा काळ्या केसांत बुडाल्यासारख्या वाटल्या, म्हणून त्यांत आणखी सफेता, म्हणजे पांढरी भुकटी, घातली आणि शेजारी चार बटा वाढवल्या.

सकाळी बोर्ड बाजारात लागला तेव्हा सगळं डोकं पिठात बुडवल्यासारखं झालं होतं. मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका हसत होत्या.

"अगो, ह्यो तं म्हातारा झाला! मागल्या साली पोरीला पळवीत हुता ना?"

"पलून पलून दमला असंल गो!"

वरून काळ्या रंगाचा हात फिरवावा, तर सरसाचा रंग खालून सुटतो आणि चिखल होतो. सगळे केस धुऊन काढून पुन्हा रंगवायचे, तर अर्धा दिवस हवा, आणि चूक कबूल करावी लागणार. तेवढ्यात मालक आले. "झकास! बाप शोभतोय," म्हणाले. मी मान डोलावली.

संध्याकाळी रंगपटात दादा आरशासमोर बसून केसांना सफेता लावत होते. दोन बटांवर थांबले नाहीत.

"दादा, एवढं कशाला?"

"बोर्ड बघून लोक तिकीट काढतात, पेंटर. बोर्डासारखं दिसायला नको?"

त्या रात्री म्हाताऱ्या बापाला टाळ्या पडल्या. श्रीवर्धनच्या मुक्कामात तरणी भूमिका दुसऱ्या नटाला गेली. "दादांनीच वय मागून घेतलं," असं मालक सगळ्यांना सांगत. दादांनी ते खोडलं नाही, आणि शेजारी उभं राहून मीही खोडलं नाही.

त्यांनी मागितल्या होत्या फक्त दोन बटा.