अकराव्या ओळीतला रिकामा चौकोन

वनलताबेन एका जागी बसलेली मी बावीस वर्षांत पाहिली नाही. अंकलेश्वरच्या आमच्या रंग-रसायनाच्या कारखान्यात ती खरेदी विभागात आणि मी स्टोअरला. फाईल बगलेत, चष्मा डोक्यावर, आणि दिवसातून वीस वेळा जिना वर-खाली. मी म्हणायचो, "बेन, पायाला भिंगरी लावून जन्मलात की काय?" ती म्हणायची, "साळवीभाई, फाईल टेबलावर झोपली की मला झोप येत नाही."

रोज सकाळी गेटवरच्या गाडीवरून ती पावशेर खमण घ्यायची आणि आम्हा सगळ्यांना वाटायची. स्वतः एक तुकडा तोंडात टाकायची नाही. आम्ही फुकटचं खाऊन वर तिलाच हसायचो.

कुणी किती रकमेपर्यंत मंजुरी द्यायची याचा तक्ता तिने बनवलेला. विभागप्रमुख पन्नास हजार, प्लांट हेड पाच लाख, त्यावर वीस लाखांपर्यंत उपाध्यक्ष दस्तूर साहेब, आणि पुढे मालक. खाली नियम. एका खरेदीचे तुकडे करायचे नाहीत. ज्याने मागणी केली त्याने मंजुरी द्यायची नाही. दोन नियम आपसात भिडले तर कडक तो धरायचा. तक्ता सगळ्यांच्या भिंतीवर होता. वाचला होता एकट्या वनलताबेनने.

त्या मंगळवारी नायट्रेशनच्या रिअॅक्टरला थंड पाणी पुरवणारा पंप थरथरायला लागला. जोडीचा राखीव पंप आधीच दुरुस्तीला गेलेला. नवा पंप वडोदऱ्याच्या व्यापाऱ्याकडे तयार होता, किंमत सात लाख ऐंशी हजार. दस्तूर साहेब मालकांसोबत कॅनडाच्या विमानात, म्हणजे उद्यापर्यंत दोघांचेही फोन बंद. जाताना मात्र आपला अधिकार लेखी पत्राने प्लांट हेडला देऊन गेलेले.

प्लांट हेड हसमुखभाई वैष्णव म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मागणीचा कागद मेंटेनन्सवाल्याने भरायचा असतो. पण "त्याची वाट कोण बघतो?" म्हणत यांनी स्वतःच भरला, स्वतःच सही ठोकली आणि वनलताबेनच्या टेबलावर आपटला.

"दस्तूर साहेबांच्या जागी मीच आहे. वीस लाखांपर्यंत चालतं. ऑर्डर पाठव."

"चाललं असतं साहेब," ती म्हणाली. "पण मागणीवर सही तुमची आहे. आता मंजुरीची तुमची चालणार नाही."

"मग फाड तो कागद! मेंटेनन्सवाल्याच्या नावाने नवा कर."

"नोंद झाली. तीच मागणी नाव बदलून परत घेता येत नाही."

हसमुखभाई लालबुंद झाले. "बरं, मेंटेनन्सच्या नावाने दोन वेगळ्या मागण्या. पंप एका ऑर्डरवर, मोटर दुसरीवर. दोन्ही पाच लाखांच्या आत. झालं?"

खरं सांगतो, मीसुद्धा तिच्या कानाशी लागलो. "बेन, करून टाका ना दोन कागद. कोण बघतंय?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प जाऊन कपाट आवरायला लागलो.

तक्त्यात आणखी एक वाट होती. सुरक्षेसाठी प्लांट थांबला असेल तर, मागणी कुणाचीही असो, प्लांट हेड आणि अकाउंट्सचे प्रमुख दोघांच्या सहीने दहा लाखांपर्यंत खरेदी करता येते. वरच्यांना चोवीस तासांत लेखी कळवायचं. वनलताबेन धावत अकाउंट्सच्या चैतन्यभाई पारेखांकडे गेली. हा शांत माणूस, घर पेटलं तरी आधी चहा संपवेल.

"प्लांट थांबलाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मी कशी सही करू, बेन? चालू प्लांटवर आणीबाणी लिहू?"

ती परत हसमुखभाईंकडे. "साहेब, प्लांट थांबवा, दहा मिनिटांत पंपाची ऑर्डर जाते."

"अर्धी बॅच आत आहे. सोळा लाखांचा माल! थांबवणार नाही. पारेखला सांग, आधी सही कर."

हे म्हणतात आधी सही, ते म्हणतात आधी थांबवा. दोघांचं जुळेना तर तक्त्याप्रमाणे वाद दोघांच्या वरच्याकडे जातो, आणि तो वरचा ढगांत. मला त्या दिवशी दोघांचाही असा राग आला! मधल्या मध्ये पंप खडखडत होता, त्याचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत येत होता.

वनलताबेनने हेल्मेट उचललं आणि म्हणाली, "साळवीभाई, चला माझ्यासोबत. साक्षीला."

नायट्रेशनवर शिफ्ट इन-चार्ज भरत वसावा होता. डेडियापाड्याकडचा, अबोल. रिअॅक्टरमध्ये आम्ल थोडं थोडं सोडलं जातं आणि आतलं तापमान चाळीस अंशांच्या खाली ठेवावं लागतं, नाहीतर स्फोटाची भीती. काट्यावर अडतीस होते. भरतचा शर्ट घामाने चिकटलेला.

वनलताबेनने तक्ता उघडला. "भरतभाई, अकरावी ओळ. 'सुरक्षेसाठी प्रक्रिया थांबवणे : शिफ्ट इन-चार्ज. कुणाचीही मंजुरी लागत नाही.' आणि रकमेचा चौकोन रिकामा आहे."

"रिकामा म्हणजे?"

"म्हणजे मर्यादा नाही."

तो हसला, पण कसंनुसं. "बेन, तीस रुपयांचे हातमोजे घ्यायचे तर हे साळवीभाई माझ्याकडे साहेबांची सही मागतात. आणि मी सोळा लाख थांबवू? तुम्ही सांगताय?"

"मला सांगायचा अधिकार नाही. वाचून दाखवायचा आहे."

एकोणचाळीस. भरतने काट्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, नाकावरचा घाम पुसला आणि आम्लाचा व्हॉल्व्ह बंद केला. ढवळणी तशीच चालू ठेवली. मग वहीत वेळ लिहिली, अकरा वाजून वीस मिनिटं. काटा एकोणचाळीसवर बराच वेळ अडून राहिला, मग हळूहळू उतरला.

हसमुखभाईंनी भरतला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण प्लांट आता थांबला होता. पारेखांनी चहा अर्धा ठेवून सही केली. तोंड वाकडं करत का होईना, हसमुखभाईंनीही केली. संध्याकाळी पंप आला. जुना उघडला तर आतल्या दांड्याला बोटभर चीर. मेंटेनन्सवाला म्हणाला, "तासभरात तुटला असता." हसमुखभाईंनी चिरेवरून बोट फिरवलं आणि ते निघून गेले.

पण बॅच वाया गेली ती गेलीच. महिन्याभराने तक्ता सुधारायला बैठक बसली, तेव्हा हसमुखभाईंनी प्रस्ताव मांडला : शिफ्ट इन-चार्जने दोन लाखांपर्यंतचं नुकसान होईल इतकंच थांबवावं, त्यावर प्लांट हेडला विचारावं. दस्तूर साहेबांना पटलं. त्यांनी अकराव्या ओळीच्या रिकाम्या चौकोनात पेन्सिलने 'दोन लाख' लिहिलं आणि कागद वनलताबेनकडे सरकवला. "बेन, टाइप करून टाक."

ती उभी राहिली. म्हणजे तशी ती उभीच असायची, पण या वेळी खुर्चीची पाठ घट्ट धरून.

"साहेब, इथे यायच्या आधी मी दुसऱ्या कारखान्यात होते. व्हॉल्व्ह गळत होता. लाइन बंद करू का म्हणून ऑपरेटरने कागद पाठवला. साहेब बाहेरगावी होते. कागद दोन दिवस पडून राहिला."

दस्तूर साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"माझ्या टेबलावर," ती म्हणाली. "त्या ऑपरेटरचे दोन्ही डोळे गेले. नटुभाई नाव त्याचं. आपल्या गेटवर त्याची बायको खमण विकते. तुम्ही सगळे रोज खाता."

इतकी वर्षं ते खमण मी मिटक्या मारत खाल्लं होतं.

दस्तूर साहेबांनी खोडरबर मागितलं. कुणाकडेच नव्हतं. मग त्यांनी पेनानेच 'दोन लाख' खोडलं, बाजूला सही केली आणि कागद हसमुखभाईंपुढे ठेवला. त्यांनीही केली. या वेळी तोंड वाकडं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनलताबेनने नेहमीसारखा खमणाचा पुडा माझ्या टेबलावर सोडला. समोर स्टूल होतं, त्यावर बसली. मग एक तुकडा उचलला, मिरची बाजूला केली आणि खाल्ला.