काचेतलं लुगडं

“बठ्ठं शे. मी कोठे शे?” म्हातारीने फोटो काउंटरवर आपटला आणि मोठ्याने रडायला लागली.

जळगावात आमचा फोटो स्टुडिओ होता. ती चोपड्याकडची, अहिराणी बोलणारी; बठ्ठं शे म्हणजे सगळं आहे. मुलाबरोबर आली होती. तिचा नवरा वारला होता. वर्षश्राद्धाला लावायला त्याचा एकच फोटो होता, नव्या टीव्हीशेजारी खुर्चीवर बसलेला. फोटो निघाला तेव्हा वीज गेलेली, पडदा काळा. मुलगा म्हणाला होता, आबांना कुस्ती आवडायची, पडद्यावर कुस्ती दाखवा.

आमच्या यांनी जत्रेतल्या कुस्तीचा फोटो पडद्याच्या मापाने कापला, वर चिकटवला, त्याचा पुन्हा फोटो काढला. जोड दिसत नव्हता. तरी तो टीव्ही वाटत नव्हता, भिंतीवरचं कॅलेंडर वाटत होतं.

“माय, तू कव्हय होती फोटोमा?” मुलगा वैतागला.

म्हातारीने जुना फोटो काढून बोट ठेवलं. टीव्हीच्या काळ्या काचेच्या कोपऱ्यात तिचं उन्हाने पांढरं दिसणारं लुगडं उमटलं होतं, मागे गोठ्याचा अंधार. मोठ्यांसमोर नवऱ्याशेजारी बसायची चाल नव्हती, म्हणून ती अंगणातूनच बघत होती. दोघं एका फोटोत आली ती एवढीच.

“तो डाग समजून झाकला मी,” हे म्हणाले. काचेवरची चमक दिसली की पुसायची, हीच यांची सवय.

“तुम्हाला बाई म्हणजे डागच दिसतो,” मी म्हटलं. म्हातारी रडता रडता हसली.

“चिकटवलं की खालचं झाकणारच,” हे पुटपुटले. मग मुलाने फोटोबरोबर आणलेली जुनी निगेटिव्ह उजेडासमोर धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. काळा पडदा तिथे पारदर्शक, लुगडं आणि काचेत चमकलेला फ्लॅशचा तारा तिथे काळे.

यांनी कापलेली कुस्ती काळ्या मखमलीवर ठेवून नवी निगेटिव्ह काढली. मखमलीची जागा त्यात कोरीच आली. मग दोन्ही निगेटिव्ह एकावर एक ठेवून छापल्या. पडद्यातून कुस्ती उतरली. लुगड्याच्या जागी उजेड अडला, म्हणून ते पांढरंच राहिलं. पहिल्यांदा मात्र एका पैलवानाचा पाय तिच्या डोक्यावर आला.

“आता लाथ मारता का तिला?” मी म्हटलं.

यांनी कुस्ती जराशी सरकवून पुन्हा निगेटिव्ह काढली. कोपऱ्यात मैदानाचा अंधार आला.

“फ्लॅशचा तारापण राहिला,” हे कुरकुरले.

“राहू द्या. त्यानेच काच वाटते ती.”

म्हातारीने ओला फोटो दोन्ही हातांनी धरला. “आते शे,” एवढंच म्हणाली. वाळेपर्यंत बाकावर बसून राहिली.

पुढे ती वारली, तिचा मुलगा गेला, आमचे हेही गेले. त्या दिवशी दुकानात होतो त्यांतली मी एकटी जिवंत आहे.