मुक्या मशीनचा आवाज

मला दिसत नाही. कॉम्प्युटरवर मी काम करतो ते कानांनी. पडद्यावर जे असेल ते स्क्रीन रीडर वाचून दाखवतो आणि मी कळा दाबत जातो. त्यामुळे आवाज गेला की माझ्यापुरता कॉम्प्युटरच गेला.

रत्नागिरीत घरी बसून मी शाळेतल्या मुलांसाठी ब्रेलमध्ये पुस्तकं तयार करतो. त्यासाठीचा माझ्या सवयीचा प्रोग्राम फक्त जुन्या विंडोजवर चालतो. जुना लॅपटॉप बंद पडला तेव्हा नव्यावर मी लिनक्स घेतलं आणि त्याच्या आत एक व्हर्च्युअल मशीन केलं. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर, आणि त्या आतल्यात विंडोज. मालगुंडच्या पाचवीतल्या एका मुलीसाठीचं गोष्टींचं पुस्तक अर्धवट राहिलं होतं, म्हणून घाई होती.

विंडोज, त्यातला स्क्रीन रीडर, ब्रेलचा प्रोग्राम आणि जुन्या फाइली टाकताना माझी पत्नी शेजारी बसून पडदा वाचत होती. पुढचं माझं मी करेन, असं मी ऐटीत सांगितलं होतं. पण आतलं मशीन सुरू केलं तर ते मुकंच. बाहेरचं लिनक्स मात्र व्यवस्थित बोलत होतं. आत गेलो की शांतता, उजवं कंट्रोल दाबून बाहेर आलो की आवाज. दिवे गेलेल्या खोलीत ये-जा करावी तसं वाटत होतं.

पोफळीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत माझा एक मित्र राहतो. तोही अंध, टेलिफोन ऑपरेटर होता. मी त्याला फोन लावला.

"साउंड कार्ड कुठचं दिलंस आतल्याला?" त्याने विचारलं.

"एसी नाइन्टी सेव्हन. विंडोज जुनं, म्हणून कार्डही जुनंच निवडलं."

"विंडोज एक्सपी आहे काय?"

"नाही रे, सेव्हन. चौसष्ट बिटचं."

"मग ते कसं बोलणार? त्या विंडोजकडे ह्या कार्डाचा ड्रायव्हरच, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रामच नसतो. वहिनींना सांग डिव्हाइस मॅनेजर बघायला, आतल्या उपकरणांची यादी असते ती."

पत्नी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "अहो, इथे मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर लिहिलंय आणि वर पिवळं चिन्ह आहे," ती म्हणाली. "चिडल्यासारखं दिसतंय."

मित्र फोनवर हसला. "तेच ते. मशीन पूर्ण शटडाउन कर. नुसतं झोपवून ठेवलंस तर सेटिंग बदलता येणार नाही. मग ऑडिओ कंट्रोलर बदल, इंटेल एचडी ऑडिओ घे, ते सेव्हन ओळखतं."

लिनक्सचा आवाज सेटिंगची एकेक ओळ वाचत गेला. मी कंट्रोलर बदलला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने विंडोजची सुरुवातीची धून वाजली. मी खुर्चीतून उठलोच! मग आतला स्क्रीन रीडर बोलू लागला, पण कसा? तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा तडतडत. अर्धे शब्द गिळलेले.

"बोलतोय, पण फाटक्या आवाजात," मी मित्राला सांगितलं.

"हेडफोन लावून बघ."

हेडफोनवरही तीच तडतड. लिनक्सवर गाणं लावलं तर ते अगदी स्वच्छ. म्हणजे स्पीकर चांगला होता, कार्डही आता आतल्या विंडोजने ओळखलं होतं. आवाज आतून बाहेर येतो त्या वाटेवरच काहीतरी अडत होतं.

"होस्टचा, म्हणजे बाहेरच्या लिनक्सचा ऑडिओ ड्रायव्हर काय आहे?" मित्राने विचारलं. "आतला आवाज लिनक्सकडे कोणामार्फत जातो, ते तिथे ठरतं."

मी पुन्हा मशीन बंद केलं आणि ती ओळ वाचून घेतली. "अल्सा."

"म्हणजे आतला थेट हार्डवेअरशी बोलायला जातोय. तुझं लिनक्स मात्र सगळे आवाज पल्सऑडिओतून एकत्र करून पाठवत असणार. दोघं एकाच दारात अडकतायत असं वाटतं. आतल्यालाही पल्सऑडिओच दे. पण यादीत नल दिसेल, ते घेऊ नको. विंडोजला वाटेल आवाज जातोय आणि बाहेर काही येणार नाही."

मी पल्सऑडिओ निवडलं. मशीन सुरू होईपर्यंत पत्नी दाराशीच थांबली होती.

"डेस्कटॉप," आतला आवाज म्हणाला. स्वच्छ. मी बाण खाली दाबत गेलो, तो नावं वाचत गेला. मधेच लिनक्सचा स्क्रीन रीडर काहीतरी बोलला, तरी ह्याचा शब्द तुटला नाही. ब्रेलचा प्रोग्राम उघडला आणि अर्धवट राहिलेल्या गोष्टीची पहिली ओळ ऐकू आली.

"ऐकलंस?" मी मित्राला म्हणालो.

"ऐकलं तर! मी हे सगळं नुसतं वाचलं होतं. आता मलाही असंच करायचंय. तू सांगायचंस, मी करीन."

मी हो म्हणालो. पत्नीने चहा टाकला आणि मी तिथूनच काम पुढे सुरू केलं. पुस्तक पूर्ण झालं. छापलेली पानं पोस्टाने मालगुंडला गेली, आणि मग एका दुपारी त्या मुलीचाच फोन आला. तिसऱ्या गोष्टीतला कोल्हा शेवटी कुठे गेला, ते तिला लेखकाला विचारायचं होतं. लेखक मी नव्हे, हे सांगून पाहिलं, पण ती काही फोन ठेवेना.