आडवे आबा, उभे नाना

अंथरुणाला खिळलेला माणूस मोठा होतो, असं आमच्याकडे शोकसभेत हमखास कुणीतरी म्हणतं. म्हणणाऱ्याला त्यातून दुःखाने माणसाची समज वाढते वगैरे सुचवायचं असतं. मला त्या वाक्याबद्दल तक्रार नाही. माझ्या वडिलांच्या बाबतीत ते मोजून पाहिलं आहे आणि खरं निघालं आहे. आबा दोन सेंटिमीटरने मोठे झाले होते.

आबा आणि नाना हे सख्खे भाऊ. आबा थोरले, दोंडाईच्याजवळच्या गावात शेती सांभाळून राहिले. नाना धाकटे, नोकरीनिमित्त जळगावला गेले आणि तिथलेच झाले. दोघांत जमिनीवरून वाद झाला नाही, घरावरून झाला नाही. वाद एकच होता आणि तो दोघांना मिसरूड फुटल्यापासून चालू होता: उंच कोण?

निकालाची पद्धत आजीने घालून दिली होती. दोघांनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं आणि दोघांच्या डोक्यांवर मिळून एक जेवणाचं ताट ठेवायचं. ताट ज्याच्या बाजूला कलेल तो बुटका. प्रत्येक लग्नात, जेवणावळी उठल्या की हा कार्यक्रम होई. लग्नाला आलेली माणसं नवरानवरी सोडून तो बघायला थांबत. ताट बहुतेक वेळा आबांकडे कले. आबा म्हणत, जमीन उतरती आहे. जागा बदलली तर म्हणत, ताटाला पोचा आहे. माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी नानांच्या केसांवर आक्षेप घेतला होता. नानांचे केस तोवर बरेचसे गेले होते, त्यामुळे तो फारसा टिकला नाही.

आबांना पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा मी, त्यांची लेक, त्यांना धुळ्याला माझ्याकडे देवपूरला आणलं. पहिल्या तपासणीच्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी दवाखान्यात चालत गेले. वजनकाट्याशेजारी उंची मोजायची पट्टी होती. आबा चपला काढून तिला टेकून उभे राहिले, हनुवटी वर करू लागले. सिस्टरने ती दोन बोटांनी खाली केली आणि म्हणाली, "एकशे अडुसष्ट."

"एकोणसत्तर लिहा ना," आबा म्हणाले. नानांची उंची तेवढी होती.

"बाबा, ही उंची औषध ठरवायला लागते. लग्नाला नाही."

कॅन्सरचं औषध किती द्यायचं ते वजन आणि उंची मिळून ठरवतात, हे मला तेव्हा कळलं. वजन दर खेपेला घेत आणि ते दर खेपेला कमी भरे. उंची पुन्हा कुणी विचारली नाही. मोठ्या माणसाच्या उंचीकडून कुणाची काही अपेक्षा नसते.

पुढे आबांचे पाय गेले. म्हणजे पाय जागेवर होते, पण त्यांच्यावर उभं राहण्याएवढं अंगात काही उरलं नव्हतं. त्यांना वॉर्डात भरती केलं. तिथल्या सिस्टरने नव्याने सगळी मापं घेतली. उशी काढली, गुडघे सरळ केले, पावलं काटकोनात धरायला मला सांगितलं, कारण पावलं पुढे ओघळली तर टाच नेमकी कुठे ते कळत नाही. मग डोक्याच्या टोकाशी आणि टाचेशी चादरीवर पेनाने खूण केली आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजलं.

"एकशे सत्तर."

आबांनी डोळे उघडले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच कुणाकडे तरी लक्ष देऊन पाहिलं. "पुन्हा मोजा," म्हणाले. सिस्टरने पुन्हा मोजलं. एकशे सत्तरच.

"फोन लाव," आबा मला म्हणाले.

मी जळगावला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. "आरे, मी वाढनू," आबांनी आमच्या अहिराणीत बातमी दिली.

पलीकडून नानांचा आवाज मलाही ऐकू आला. "या वयमा? केळीना घड शेस का तू?"

"एकशे सत्तर. मोजेल शे. इसनी देखी ले." येऊन बघून घे, असं आव्हानच.

ही बातमी गावात गेली आणि जाताना तिने रूप पालटलं. आबा वाढले, याचा अर्थ अंग भरतंय. अंग भरतंय, याचा अर्थ औषध लागू पडलं. माझ्या आत्याने गावच्या मारुतीला नारळ फोडला आणि प्रसाद पाठवला. एक दूरचे मेव्हणे येऊन आबांच्या पायांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, फरक दिसतोय. पलंगावर दिसत होतं ते एवढंच की चादरीखाली फारसं काही नव्हतं. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायचं तर त्यांच्या हातात दुसरं काय द्यायचं, हा प्रश्न होता.

नाना बसने आले. हातातल्या पिशवीत जुनं स्टीलचं ताट होतं. पलंगाशी उभे राहून त्यांनी आधी भावाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा भावाकडे. नंतर म्हणाले,

"आडा पडेल मानूसले कोनी उंच म्हनस का? त्याले लांब म्हनतस."

"लांब ते लांब," आबा म्हणाले. "तुनापेक्षा जास्त शे ना?"

तेवढ्यात राउंडवर असलेले तरुण डॉक्टर आले. नानांनी त्यांना पंच केलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, पण उत्तर दिलं. पाठीच्या कण्यात मणके असतात आणि मणक्यांमध्ये गाद्या असतात. माणूस उभा असला की त्याच्या अंगाचा भार त्या गाद्यांवर येतो. त्या दबतात, त्यातलं थोडं पाणीही बाहेर जातं. माणूस आडवा झाला की भार उतरतो, गाद्या पाणी ओढून फुगतात. कण्याला मुळात जे बाक असतात तेही थोडे सरळ होतात. उभ्याने टाचेखालचं मऊ मांस चेपलेलं असतं, तेही सुटतं. सगळं मिळून सेंटिमीटर दोन सेंटिमीटर. "म्हणून सकाळी उठल्यावर आपण सगळेच थोडे उंच असतो," ते म्हणाले.

"म्हणजे बरं होण्याचा काही संबंध नाही?" मी विचारलं.

"नाही. हे तुमचं माझंही होईल."

"औषधाच्या मापात फरक?"

"एवढ्याने काही पडत नाही."

ते पुढच्या पलंगाकडे गेले. आबांनी फक्त एक गोष्ट ऐकली होती. "त्याले बी आडा करा," ते म्हणाले.

शेजारचा पलंग सकाळीच रिकामा झाला होता. कसा रिकामा झाला ते आम्ही बोलत नव्हतो. नाना चपला काढून त्यावर पडले. डॉक्टर जाता जाता म्हणाले होते की गाद्या फुगायला वेळ लागतो, त्यामुळे नानांनी थोडं पडून राहायचं ठरलं. बसच्या प्रवासाने ते दमले होते, घोरू लागले. कुणाला तरी भेटायला आलेली एक बाई त्यांच्या पायाशी उभी राहिली, हात जोडले, दोन मोसंबी ठेवून गेली. झाडणारी मावशी मला हळूच म्हणाली, "यांना काय झालंय?"

"उंची," मी म्हणाले.

मावशीने मान हलवली. तिने तऱ्हेतऱ्हेचे आजार पाहिले होते.

सिस्टर इंजेक्शन द्यायला आली तेव्हा मी तिला गळ घातली. ती वैतागली, पण तिनेही हा खटला ऐकला होता. नाना जागे झाले. उशी काढली, गुडघे सरळ, पावलं काटकोनात. या वेळी टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. आकडा सिस्टरने वाचला नाही. तिने टेप नानांच्या पुढे धरली.

नानांना खोटं बोलता आलं असतं. मला वाटलं होतं ते बोलतील, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची तयारीही ठेवली होती. नानांनी चष्मा लावला, वाचलं आणि भावाकडे वळून सांगितलं, "एकशे एकाहत्तर."

आबा म्हणाले, "माले उभा कर. ताट काढ."

"करसू," नाना म्हणाले. "जरा ताकद येऊ दे."

त्यानंतर आबांना दुसरं काही नको होतं. गावी जायचं नव्हतं, कुणाला भेटायचं नव्हतं. फक्त एकदा उभं राहायचं होतं, पाठीला पाठ लावून. व्यायाम करून घेणारी मुलगी रोज येई. तिने त्यांना पलंगाच्या कडेला बसवून पाहिलं. पाय खाली सोडले की त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येई आणि मान पुढे पडे. एकदा नानांनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उचललं. पाय जमिनीला लागले, पण त्यांच्यावर भार आला नाही. सगळा आमच्या हातांवरच होता. ती मुलगी म्हणाली, "आज एवढं पुरे." तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही. आबांना ठाऊक होतं की नाही ते मी विचारलं नाही.

"सकाय," आबा दर वेळी म्हणत. उद्या.

ताट पलंगाखाली भिंतीला टेकून होतं. आधी त्यात कुणी काही ठेवत नव्हतं. मग एके दिवशी मी मोसंबीची सालं ठेवली, कारण दुसरं भांडं हाताशी नव्हतं. नानांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सालं त्यांनीच त्यात टाकली.

आबा गेले ते आडवेच. त्यांची उंची पुन्हा कुणी मोजली नाही.

गावात शोकसभा झाली. आबांनी आयुष्यात कधी कुठली निवडणूक लढवली नव्हती, तरी तालुक्याचे एक पुढारी आले. आसपास लवकरच मतदान होतं. ओसरीवर सतरंजी आणि माईकही होता. पुढाऱ्यांनी आबांना पाहिलं होतं की नाही याबद्दल मला शंका आहे, पण त्यांना शंका नव्हती. आबा हे वटवृक्ष होते, दीपस्तंभ होते, खान्देशच्या मातीतलं हिमालयाएवढं उत्तुंग व्यक्तिमत्त्व होते. आत्या रडू लागली. मेव्हण्यांनी मान डोलावली. पुढाऱ्यांनी हात वर नेऊन ती उंची हवेत दाखवली.

नाना माझ्या शेजारी बसले होते. ते माझ्या कानाशी झुकले.

"एकशे अडुसष्ट," ते म्हणाले. "उभा व्हता तव्हा."